कॉम्प्युटेशन शीट, असेसमेंट इयर २०२५-२६

निळी_छत्री | ९ ऑगस्ट २०२५, रात्री ९.१२

[चित्र जोडले आहे]

पावशेर | रात्री ९.२०

प्रश्न काय आहे? शीट नुसतीच टाकलीत. आणि आधी ते चित्र काढा हो. वरच्या कोपऱ्यात नाव, पॅन, जन्मतारीख, तळाशी रिफंडसाठी दिलेला बँक खाते क्रमांक, सगळं उघडं पडलंय.

धागा_व्यवस्थापक | रात्री ९.४१

चित्र काढले आहे. ओळख पटेल असा मजकूर झाकून पुन्हा टाका, किंवा फक्त आकडे टाइप करा.

कोरडा_हिशोब | रात्री १०.०५

चित्र जायच्या आधी आकडे उतरवून घेतले होते. त्यात कुणाची ओळख नाही, म्हणून इथे ठेवतो. पुढे याच आकड्यांवर बोलू.

रेसिडेंट इंडिव्हिज्युअल, नवी रिजीम, आयटीआर-२.
पगार १८,७५,०००, त्यातलं पर्क्विझिट ४,००,०००. स्टँडर्ड डिडक्शन ७५,००० जाऊन १८,००,०००.
घर भाड्याने: भाडं १,८०,०००, महापालिकेचा कर १०,०००, तीस टक्क्यांची वजावट ५१,०००, कर्जाचं व्याज २,४६,०००. तोटा १,२७,०००, पण पुढच्या रकान्यात शून्य.
शॉर्ट टर्म, १११ए: ४०,०००.
लाँग टर्म, ११२ए: विक्री २,८९,९००, खरेदी ०, नफा २,८९,९००.
इतर उत्पन्न ६६,०००: बँकेचं व्याज ५८,०००, इथला डिव्हिडंड ६,०००, फॉरिन डिव्हिडंड २,०००.
एकूण उत्पन्न २१,९५,९००.
स्लॅबचा कर २,४९,८००, १११ए चा ८,०००, ११२ए चा २०,६१३, सेस ११,१३७. एकूण कर २,८९,५५०.
टीडीएस २,४३,८००.
व्याज: २३४बी २,२८५, २३४सी २,३०५.
भरायची रक्कम ५०,३४०.

निळी छत्री, प्रश्न नाही लिहिलात तरी अंदाज येतो. कुणीतरी ही शीट पाठवून "पन्नास हजार भरा" म्हटलंय आणि तुम्हाला ते पटत नाहीये. बरोबर?

निळी_छत्री | रात्री १०.११

हो. पॅनबद्दल सॉरी. रिटर्न भरून देणाऱ्यांकडून आली. कंपनी दर महिन्याला टॅक्स कापते, मग परत पन्नास हजार कसले, एवढंच कळत नाहीये. त्यांना फोन केला तर "सॉफ्टवेअरने काढलंय" म्हणाले.

शनिवारी_सुट्टी | रात्री १०.२५

माझाही रिफंड जूनपासून अडकलाय. प्रोसेसिंगमध्ये दाखवतंय. कुणाचा आला का? ग्रिव्हन्स टाकायची का?

पावशेर | रात्री १०.२९

सुट्टी, यांना रिफंड नाहीये, भरायचेत. तुमचा वेगळा धागा काढा.

गोदाकाठ | रात्री १०.४०

सरळ आहे. घराचा १,२७,००० तोटा धरलाच नाही. जुनी रिजीम घ्या, तोटा पगारातून वजा होईल, पन्नास हजारांतले चाळीस तिथेच वाचतील.

कोरडा_हिशोब | रात्री ११.०२

गोदाकाठ, तोट्याकडे बोट बरोबर ठेवलंत, हिशोब तेवढा सरळ नाही. रिजीमवर नंतर येतो. आधी पन्नास हजार आले कुठून ते बघू.

पगाराचा कर कंपनीने पूर्ण कापलाय. १८,००,००० वर नव्या रिजीमने सेससकट २,३९,२०० होतात. टीडीएसमधले उरलेले ४,६०० बँकेने एफडीच्या व्याजावर कापलेत. म्हणजे पगाराच्या बाजूला काही थकलेलं नाही. थकबाकी सगळी पगाराबाहेरची आहे: ६६,००० च्या इतर उत्पन्नावर तीस टक्के, त्यातले बँकेने दहाच टक्के कापले आणि तेही फक्त एफडीवर, १११ए चे आठ हजार, आणि ११२ए चे वीस हजार सहाशे. शेअरच्या नफ्यावर रहिवाशांचा टीडीएस कापला जात नाही, म्हणून ही रक्कम वर्षभर कुणाच्या नजरेला येत नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये एकदम उभी राहते.

माझी नजर मात्र अडकलीय ती ११२ए च्या ओळीत. खरेदी शून्य. इथल्या बाजारातला शेअर शून्याला मिळत नाही. बोनस शेअरची खरेदी शून्य धरतात, पण तुमच्या शीटवर पगारात चार लाखांचं पर्क्विझिट आहे आणि खाली दोन हजारांचा फॉरिन डिव्हिडंडही आहे. हे तीन आकडे एकत्र वाचले की गोष्ट वेगळी दिसते. कंपनी अमेरिकन आहे का? आरएसयू मिळतात का?

निळी_छत्री | १० ऑगस्ट, सकाळी ८.१५

हो, हो. मे २०२४ मध्ये २० शेअर व्हेस्ट झाले. ७ कंपनीने टॅक्ससाठी विकले, १३ खात्यात आले. ते १३ जानेवारी २०२५ मध्ये विकले, २,८९,९०० मिळाले. शेअर फुकट मिळाले म्हणून खरेदी शून्य, असं ते म्हणाले.

कोरडा_हिशोब | सकाळी ८.५०

तीच चूक. शेअर फुकट मिळालेले नाहीत. व्हेस्ट झाले त्या दिवशीच्या भावाने त्यांची किंमत तुमच्या पगारात मिसळली गेली, तेच पर्क्विझिट, आणि त्यावर तीस टक्क्यांनी कर गेला. म्हणून विकताना खरेदीची किंमत तीच धरायची, ज्या किमतीवर आधी कर लागला. कायद्यात हे ४९(२एए) मध्ये स्पष्ट आहे. शून्य धरलं की त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर बसतो.

तिखटमीठ | सकाळी ९.१०

म्हणजे फॉर्म १२बीए मध्ये दिसणारे चार लाख खरेदी म्हणून टाकायचे. विक्री २,८९,९००, खरेदी ४,००,०००. १,१०,१०० चा तोटा झाला की! मग १११ए चे चाळीस हजारही त्यात उडतील.

कोरडा_हिशोब | सकाळी ९.३४

थांबा तिखटमीठ, इथेच लोक घसरतात. चार लाख हे वीस शेअरचे आहेत. विकलेले तेरा. एका शेअरचा भाव २०,०००, म्हणून तेराची खरेदी २,६०,०००. विक्री २,८९,९००. नफा २९,९००.

टॅक्ससाठी विकलेले सातही पर्क्विझिटमध्ये मोजलेत, आणि ती विक्रीही तुमचीच विक्री आहे, ब्रोकरने परस्पर केली तरी. ती वेगळी ओळ म्हणून भरायची. व्हेस्टच्या भावालाच विकले असतील तर नफा जवळपास शून्य येतो. भाव थोडा सरकला असेल किंवा डॉलरचा दर वेगळा लागला तर शे-दोनशेचा फरक पडतो. ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये ही विक्री 'सेल टू कव्हर' या नावाने असते. सात शेअर विकले न जाता थेट रोखून धरले असतील तर प्रकरण वेगळं, ते स्टेटमेंट बघूनच ठरेल.

आता दुसरी चूक. ११२ए हे कलम इथल्या मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर एसटीटी भरून झालेल्या विक्रीसाठी आहे. न्यूयॉर्कच्या बाजारात एसटीटी कुठून येणार? तिथे कितीही मोठ्या एक्स्चेंजवर नोंदलेला शेअर असो, आपल्याकडे तो अनलिस्टेडच्या रांगेत बसतो आणि लाँग टर्मसाठी चोवीस महिन्यांहून जास्त ठेवावा लागतो. तुम्ही आठ महिने ठेवलात. म्हणजे शॉर्ट टर्म, आणि तोही १११ए चा वीस टक्क्यांचा नाही, सरळ स्लॅबने. तुमच्या बाबतीत तीस टक्के.

शीटमध्ये वजा केलेले सव्वा लाखही गेले. ती सूट ११२ए पुरतीच असते.

पावशेर | सकाळी ९.५२

सव्वा लाख नेमके कुठे वजा झालेत? एकूण उत्पन्नात तर पूर्ण २,८९,९०० बेरजेला आहेत.

कोरडा_हिशोब | सकाळी १०.०३

चांगलं पकडलंत. ते उत्पन्नातून वजा होत नाहीत, फक्त कर काढताना सोडले जातात. २,८९,९०० मधून १,२५,००० सोडून १,६४,९०० वर साडेबारा टक्के, म्हणून २०,६१३. एकूण उत्पन्नात पूर्ण रक्कम राहते. सरचार्जच्या किंवा रिबेटच्या मर्यादेजवळ असलेल्यांना हे महाग पडतं. इथे त्याने फरक पडत नाही.

दोन्ही चुका एकदम दुरुस्त केल्या तर: स्लॅबचं उत्पन्न १८,६६,००० अधिक २९,९००, म्हणजे १८,९५,९००. त्यावर २,५८,७७०. १११ए चे ८,०००. सेस १०,६७१. एकूण २,७७,४४१. टीडीएस वजा जाता ३३,६४१. शीटवर व्याजाआधी ४५,७५० होते. बारा हजारांचा फरक.

एक धोका मुद्दाम सांगतो. चुका दोन आहेत आणि त्या उलट दिशेला ओढतात. शून्य खरेदीने कर वाढला, चुकीच्या कलमाने कमी झाला. यांना फोन करून नुसतं "हे ११२ए नाही" सांगितलंत आणि त्यांनी खरेदी शून्यच ठेवून कलम बदललं, तर २,८९,९०० वर तीस टक्के म्हणजे ८६,९७० चा कर पडेल. दोन्ही एका वेळी दुरुस्त व्हायला हवं.

एडिसनकर | १० ऑगस्ट, रात्री ७.३० (इथे सकाळ)

इकडून एक भर. त्या डिव्हिडंडवर इथे आधीच कर कापला गेला असेल. ब्रोकरकडे डब्ल्यू-८ बेन भरलेला असेल तर भारतीय रहिवाशाला करारानुसार २५ टक्के, नसेल तर ३० टक्के. ब्रोकरकडून १०४२-एस नावाचा कागद येतो, त्यात दोन्ही आकडे मिळतील. शेअरच्या नफ्यावर मात्र इथे काही कापत नाहीत, तो तुमच्याकडेच करपात्र.

कोरडा_हिशोब | रात्री ७.५८

एडिसनकर, बरोबर. म्हणजे २,००० मधले ५०० तिकडे गेलेत. इथे पूर्ण २,००० दाखवायचे (हातात आलेले १,५०० नाहीत) आणि ५०० चं क्रेडिट मागायचं. त्यासाठी पोर्टलवर फॉर्म ६७ वेगळा भरावा लागतो आणि रिटर्नमध्ये शेड्यूल एफएसआय आणि टीआर. पाचशे रुपयांसाठी एवढा खटाटोप करायचा का, हा तुमचा प्रश्न. मी क्रेडिट सोडलं असतं, पण उत्पन्न नक्की दाखवलं असतं.

डॉलरचा दर: गुगलवरचा नको, ब्रोकरच्या ॲपमधलाही नको. स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट, आणि तोही विक्रीच्या महिन्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. जानेवारीची विक्री म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ चा दर. खात्यात प्रत्यक्ष आलेले रुपये यापेक्षा वेगळे असतील, त्याची काळजी करू नका. पण शीटवरचे २,८९,९०० हे बँकेत जमा झालेले आहेत की या दराने काढलेले, ते विचारून घ्या.

निळी_छत्री | रात्री ८.२०

जमा झालेले. दराचं कुणीच बोललं नव्हतं.

कोरडा_हिशोब | रात्री ८.४५

मग २९,९०० हा आकडा थोडा हलेल. आपला हिशोब दिशा दाखवण्यापुरता समजा.

आता जे शीटवर नाहीच त्याबद्दल. कॉम्प्युटेशन शीट फक्त कर काढते. रिटर्नमध्ये याशिवाय शेड्यूल एफए असतं, परदेशातल्या मालमत्तेचं, त्यातून एक रुपयाही कर निघत नाही, म्हणून ते शीटवर कधीच दिसत नाही. पण तुम्ही रेसिडेंट आहात आणि तुमच्या नावावर अमेरिकन ब्रोकरचं खातं आणि शेअर होते. ते भरणं सक्तीचं आहे. ब्रोकरचं खातं ए२ या तक्त्यात, शेअर ए३ मध्ये.

त्यातली अडचण अशी की हे शेड्यूल आर्थिक वर्षाने चालत नाही. या वेळच्या रिटर्नमध्ये जानेवारी ते डिसेंबर २०२४. तुमचे तेरा शेअर ३१ डिसेंबरला तुमच्याकडे होते, तर क्लोजिंग व्हॅल्यूमध्ये ते येतील, पण जानेवारीतली विक्री या तक्त्यात येणार नाही. ती पुढच्या वर्षीच्या एफए मध्ये. नफा मात्र याच रिटर्नमध्ये. लोक हे दोन कालखंड एकमेकांत मिसळतात आणि मग तक्त्यातला विक्रीचा आकडा आणि कॅपिटल गेनचा आकडा जुळत नाही म्हणून घाबरतात. ते जुळायचेच नसतात.

तिखटमीठ | रात्री ९.०५

वीस लाखांच्या आत असेल तर एफए भरायची गरज नाही ना? गेल्या वर्षीच्या बजेटमध्ये सूट आली.

कोरडा_हिशोब | रात्री ९.१६

सूट दंडाला आली, माहिती देण्याला नाही. ब्लॅक मनी कायद्याचा दहा लाखांचा दंड १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून बाकी मालमत्ता मिळून वीस लाखांपेक्षा जास्त नसेल तर लागत नाही. तक्ता भरायचाच.

निळी_छत्री | रात्री ९.२२

एक विचारायचं होतं. २०२२ मध्येही ८ शेअर व्हेस्ट झाले होते. ते २०२३ मध्ये विकले. तेव्हा आयटीआर-१ भरला होता. एफए नव्हतंच.

कोरडा_हिशोब | रात्री ९.४०

याचं उत्तर मी इथे देणार नाही. हे सीएसमोर बसून करायचं काम आहे. आयटीआर-१ परदेशी मालमत्ता असलेल्यांना चालतच नाही, म्हणजे फॉर्म चुकला, आणि कदाचित २०२३ च्या विक्रीचा नफाही सुटला. त्या वर्षांचं रिव्हाइज्ड रिटर्न आता होत नाही. अपडेटेड रिटर्नची मुदत अठ्ठेचाळीस महिन्यांपर्यंत वाढलीय, पण ते भरायला जादा कर निघावा लागतो, कमी कर किंवा रिफंड निघत असेल तर भरता येत नाही. तुमच्या कुठल्या वर्षात ती अट बसते, ती दोन वर्षं कशी हाताळायची, हे त्या वेळचे कागद बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

गोदाकाठ | ११ ऑगस्ट, सकाळी ७.४०

माझा रिजीमचा मुद्दा राहिला.

कोरडा_हिशोब | सकाळी ८.१०

राहिला नाही, आठवण आहे. निळी छत्री, तुम्ही राहता कुठे? भाड्याचं घर आहे का? ८०सी मध्ये काय काय आहे?

निळी_छत्री | सकाळी ८.३२

पुण्यात भाड्याने, महिना २२,०००. बेसिक ७,२०,०००, एचआरए २,८८,०००. फ्लॅट नाशिकचा, तो भाड्याने दिलाय. ८०सी पूर्ण दीड लाख, मेडिक्लेम २५,०००. कंपनीत नवी रिजीम निवडली होती.

कोरडा_हिशोब | सकाळी ९.१५

हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. यातच मोठी रक्कम लपलीय.

आधी गोदाकाठांचा हिशोब एचआरए सोडून. जुन्या रिजीममध्ये स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, प्रोफेशनल टॅक्स २,५००, घराचा तोटा १,२७,०००, ८०सी दीड लाख, मेडिक्लेम २५,०००, बचत खात्याच्या व्याजाचे १०,०००. एवढं सगळं वजा करूनही स्लॅबचं उत्पन्न १६,०६,४०० उरतं आणि त्यावर २,९४,४२० कर. नव्यात तोच २,५८,७७०. म्हणजे नुसत्या तोट्यासाठी जुनीकडे गेलात तर सेस सोडून ३५,६५० चं नुकसान. जुन्या रिजीमचे स्लॅब इतके चढे आहेत की वजावटीचा ढीग लागतो.

आता एचआरए. मिळालेला २,८८,०००. पुणे मेट्रोमध्ये मोडत नाही, म्हणून बेसिकच्या चाळीस टक्के, तेही २,८८,०००. भाडं २,६४,००० वजा बेसिकचे दहा टक्के ७२,०००, म्हणजे १,९२,०००. तिन्हींतलं कमी १,९२,०००, एवढं करमुक्त. ते धरलं की स्लॅबचं उत्पन्न १४,१४,४००, कर २,३६,८२०. १११ए आणि सेससकट २,५४,६१३. नव्यातल्या २,७७,४४१ पेक्षा २२,८२८ कमी.

तेव्हा गोदाकाठ, उत्तर तुमचंच निघालं. कारण मात्र तोटा एकटा नाही, एचआरए आहे.

गोदाकाठ | सकाळी ९.२८

कारण कुठलंही असो, उत्तर आलं ना :)

पावशेर | सकाळी ९.४०

पण कंपनीत नवी निवडलीय, आता बदलता येते?

कोरडा_हिशोब | सकाळी ९.५५

पगारदाराला येते, धंद्याचं उत्पन्न नसेल तर. कंपनीला सांगितलेली निवड फक्त टीडीएसपुरती. रिटर्न भरताना बदला, वेगळा फॉर्म लागत नाही. फक्त रिटर्न मुदतीत, या वर्षी १५ सप्टेंबरच्या आत, गेलं पाहिजे. उशीर झाला की नवीच.

अडचण पुराव्याची आहे. कंपनीने नव्या रिजीमने कापलंय, म्हणून फॉर्म १६ मध्ये एचआरए सूट शून्य दिसेल. तुम्ही रिटर्नमध्ये १,९२,००० मागाल तेव्हा दोन्ही जुळणार नाहीत आणि विचारणा होऊ शकते. वर्षाचं भाडं लाखाच्या वर आहे, म्हणून मालकाचा पॅन हवा. भाडं बँकेतून गेलेलं हवं. करार आणि पावत्या हव्यात. यातलं एक जरी नसेल तर मागण्याआधी सीएला दाखवा.

निळी_छत्री | सकाळी १०.२०

भाडं यूपीआयने जातं. मालकांनी पॅन कधी दिला नाही, विचारतो.

अनुजा_क | सकाळी ११.०५

नाशिकच्या तोट्यावर एक. नव्या रिजीममध्ये तो पगारातून वजा होत नाही हे खरं, पण पुढच्या वर्षी ओढून नेता येतो असं आमच्या ऑफिसातले सीए सांगतात. पुढे कधी भाडं वाढलं तर घराच्याच उत्पन्नातून वजा.

कोरडा_हिशोब | सकाळी ११.३०

यावर दोन वाचनं आहेत. एक म्हणजे ११५बीएसी मधल्या शब्दांमुळे तो त्याच वर्षी संपला. दुसरं, इतर हेडमधून वजा करायलाच बंदी आहे, पुढे नेण्याला नाही. मी पहिल्या बाजूला झुकतो, पण छातीठोक सांगणार नाही. यांनी जुनी रिजीम घेतली तर प्रश्नच मिटतो, तिथे दोन लाखांपर्यंत चालू वर्षीच वजा होतो.

तिखटमीठ | दुपारी १२.१०

शेवटच्या दोन ओळी राहिल्या. २३४सी कॅपिटल गेनवर लागत नाही ना? ते २,३०५ उडवायला सांगा.

कोरडा_हिशोब | दुपारी १२.४०

अर्धं बरोबर. शीटमधले २,३०५ असे आलेत: ४५,७५० चे जूनमध्ये १५ टक्के, सप्टेंबरमध्ये ४५, डिसेंबरमध्ये ७५, मार्चमध्ये १०० टक्के भरायला हवे होते असं धरून पहिल्या तिन्ही हप्त्यांवर तीन तीन टक्के आणि शेवटच्यावर एक टक्का. म्हणजे जानेवारीतल्या विक्रीचा कर गेल्या जूनमध्येच का भरला नाही, म्हणून दंड! सॉफ्टवेअरला विक्रीची तारीख दिली नाही की ते असंच करतं. कॅपिटल गेनच्या शेड्यूलमध्ये कुठल्या काळात किती नफा झाला त्याची विभागणी असते, ती भरली की विक्रीआधीच्या हप्त्यांचं व्याज कमी होतं.

पण कायद्यातली सवलत सशर्त आहे. नफा झाल्यावर त्याचा कर उरलेल्या हप्त्यात, किंवा हप्ता उरला नसेल तर ३१ मार्चपर्यंत भरलेला असला पाहिजे. निळी छत्रींनी मार्चमध्ये काहीच भरलेलं नाही. म्हणून सगळं उडेल असं म्हणता येत नाही. बँकेच्या व्याजावरचं तर उडणारच नाही, ते वर्षभर दिसत होतं.

२३४बी साधं आहे. एप्रिलपासून भरण्याच्या महिन्यापर्यंत महिना एक टक्का, महिना तुटका असला तरी पूर्ण. ऑगस्टमध्ये पाच टक्के, सप्टेंबरच्या एक तारखेला सहा. रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली म्हणून हे थांबत नाही, बऱ्याच जणांचा इथे गैरसमज आहे.

निळी_छत्री | दुपारी १.१५

मग आता किती भरू?

कोरडा_हिशोब | दुपारी १.५०

५०,३४० भरू नका. या आठवड्यात सीए गाठलात तर रिजीम ठरेल आणि नेमकी रक्कम कळेल. जुन्यात पाचशेचं क्रेडिट धरून १०,३१३ अधिक व्याज असं काहीतरी निघतं. गंमत म्हणजे हाच आकडा दहा हजारांच्या आत आला तर २३४बी, २३४सी दोन्ही शून्य, आणि आपला २९,९०० चा आकडा अजून कच्चा आहे. नव्यात तेच क्रेडिट आणि व्याज धरून ३६,५०० च्या आत. महिनाअखेरपर्यंत काहीच ठरलं नाही तर ३६,५०० भरून टाका, जास्तीचे रिफंडमध्ये येतील.

सीएकडे जाताना ही शीट नेण्यापेक्षा ब्रोकरची २०२२ पासूनची सगळी स्टेटमेंटं, फॉर्म १२बीए, १०४२-एस आणि भाडेकरार न्या. शीट त्यांची ते करतील.

पावशेर | दुपारी २.०५

आणि एआयएस बघून घ्या म्हणावं.

कोरडा_हिशोब | दुपारी २.१८

बघाच, बँकेचं व्याज आणि इथले शेअर त्यात जुळतील. पण अमेरिकेतली विक्री त्यात दिसली नाही म्हणून ती नाही असं समजू नका. ती माहिती वेगळ्या वाटेने सरकारकडे पोचते.

चलन भरताना एकच सांभाळा. पोर्टलवर असेसमेंट इयर २०२५-२६ आणि सेल्फ असेसमेंट टॅक्स, कोड ३००. घाईत २०२६-२७ निवडलं की पैसे पुढच्या वर्षाच्या खात्यात जातात आणि या वर्षीची मागणी तशीच उभी राहते.

निळी_छत्री | १३ ऑगस्ट, रात्री ९.५०

मालकांनी पॅन दिला. शनिवारी सीएंची वेळ मिळालीय. २०२२ च्या स्टेटमेंटसाठी ब्रोकरला मेल टाकलाय, जुनं खातं बंद झालंय म्हणतात.

एडिसनकर | १३ ऑगस्ट, रात्री १०.३५

बंद खात्याचीही स्टेटमेंटं मिळतात, चॅटवर न मागता फोन करा. आणि त्या वर्षाचं १०४२-एस पण मागा.